कर्जतला धक्का बसला आणि तू आठवलीस

अगं वैशे, आधीच सांगते, काही झालेलं नाही. सगळे ठीक आहेत, काही कामही नाही. गाडीत बसलेय आणि तुझी आठवण आली म्हणून लिहितेय. शाळेचं आटोपलं की निवांत वाच.

ऑफिसच्या कामाला सकाळी मुंबईला आले होते. परत येताना सिंहगड मिळाली आणि नशिबानं खिडकीही मिळाली. कर्जतला गाडी थांबली. चहाचा कागदी कप नुकताच हातात घेतला होता, तेवढ्यात मागून तो धक्का बसला. आठवतोय ना? जोराचा नाही, पण डब्यातून पुढं सरकत जाणारा. कपातला चहा काठापर्यंत आला आणि परत खाली बसला. आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "लागले!" शेजारच्या आजी दचकल्याच. "काय लागलं गं बाई?" म्हणाल्या. मग त्यांना सगळं समजावून सांगितलं, की इथून घाट सुरू होतो, मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात, ती लोणावळ्याला काढतात. ३७ फुटांना १ फूट चढ आहे, हेसुद्धा सांगितलं. काका सांगायचे तसंच. आजी म्हणाल्या, "तुमचे वडील रेल्वेत का?" म्हटलं, माझे नाही, मैत्रिणीचे. गार्ड होते.

तू पुस्तकातून डोकं वर न काढता "लागले" म्हणायचीस. कल्याणला चढल्यापासून तोंडातून शब्द नाही, आणि कर्जतला तेवढा एकच. मला वाटायचं, हिला वाचता वाचता कळतं कसं! आज मलाही न बघता कळलं.

वडापाव घेतला, अर्थातच. कोरडी लसणाची चटणी, कागद तेलानं पारदर्शक झालेला, आणि वर दोन तळलेल्या मिरच्या. त्या मिरच्या तशाच कागदात आहेत. त्या नेहमी तू खायचीस, माझ्याही वाट्याच्या. मला अजून जमत नाहीत.

पळसदरी गेली. बाहेर सगळं हिरवंगार झालंय, डोंगरावरून पाण्याच्या बारीक बारीक धारा पडतायत. दारातली मुलं ओरडतायत. पाऊस आत येतोय, तरी खिडकी लावावीशी वाटत नाही.

आता बोगदे सुरू झालेत. तुला एक गोष्ट कधी सांगितलेली नाही, आज सांगते. सेकंड इयरचा निकाल लागल्यानंतरचा तो रविवार. माझे दोन विषय राहिले होते आणि घरी बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. कल्याणला तू चढलीस, माझ्याकडे बघितलंस आणि पुस्तक पिशवीतून बाहेरच काढलं नाहीस. मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. तू काही विचारलं नाहीस, समजावलंही नाहीस. पहिला बोगदा आला तेव्हा "एक" म्हणालीस. दुसऱ्याला "दोन". शेजारचे बघत होते, तरी मोजत राहिलीस. मंकी हिलपर्यंत मीसुद्धा मोजायला लागले होते. तुझा एक जास्त भरला म्हणून आपण लोणावळ्यापर्यंत भांडलो, आणि हॉस्टेलवर पोचेपर्यंत मला भूक लागली होती. त्या दोन दिवसांत पहिल्यांदा.

नंतर पुष्कळांनी पुष्कळ समजावलं. त्यातलं एक वाक्य आठवत नाही. तुझं मोजणं आठवतं.

माझ्या लेकालाही आता मोजायला शिकवलंय. तिसरीत आहे. गेल्या महिन्यात आम्ही दोघं याच गाडीनं आलो, तर मधे झोप लागली म्हणून चिडला आणि म्हणाला, परत मागं जाऊया. त्याला सांगितलंय, नागपूरला एक मावशी आहे, तिला सगळे पाठ आहेत.

तुझ्याकडं पाऊस कसा आहे? आणि काकांना माझा नमस्कार सांग. धक्का अजून तसाच बसतो म्हणावं, त्यांना बरं वाटेल.

आत्ता फोन करू नकोस, बोगद्यात कटतोय. हे सुद्धा रेंज आली की जाईल तेव्हा जाईल. तुझ्या घटक चाचण्या चालू असतील, पेपरांचे गठ्ठे पडले असतील, ते आधी संपव. आपलं बोलणं काय, दिवाळीत तू माहेरी आलीस की होणारच आहे. तेव्हा कल्याणहून पुण्याला माझ्याकडं ये, गाडीनंच ये. मी कल्याणला येते घ्यायला. मिरच्या तुझ्या.

खंडाळा गेलं. आजींना चिक्की घ्यायचीय, त्यांची पिशवी वरून काढून द्यायचीय. माझे आज किती भरले ते सांगत नाही, समोर आलीस की सांगेन.

लोणावळा आलं. सुटले.