आबाचं पत्र

मु. सावद्याजवळ, जि. जळगाव
गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५

चि. सायलीस आबाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू मागच्या रविवारी म्हणालीस, खोलीतल्या मैत्रिणीला आबाचं पत्र ऐकायचं आहे, तर सोबत इंग्रजीतही लिहून पाठवा. म्हटलं, त्यात काय! मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक माणूस, इंग्रजीत चांगले मार्क होते. चष्मा पुसला, तुझ्या बापाची शाळेतली डिक्शनरी ट्रंकेतून काढली आणि बसलो. पहिलं वाक्य झरझर उतरलं: ‘माय डिअर सायली, आय ॲम क्वाइट वेल हिअर अँड होप द सेम फ्रॉम यू.’ आमच्या मास्तरांनी हेच पाठ करून घेतलं होतं, त्यामुळे अडचण नव्हती. दुसऱ्या वाक्याला गाडी रुतली. मला लिहायचं होतं, ‘तुझ्याशिवाय ओट्यावर करमत नाही.’ करमणं डिक्शनरीत सापडेना. ओटा सापडला, पण तो गॅसच्या शेगडीखालचा. आपल्या ओट्यावर तर संध्याकाळी सगळी गल्ली येऊन बसते. शेवटी ‘द हाऊस इज नॉट फीलिंग गुड’ असं लिहिलं. तुझ्या आजीने विचारलं, काय लिहिलं? सांगितलं, तर म्हणते, ‘मंग काय, घराले ताप आला का?’

तेव्हा पत्र मराठीतच पाठवतोय. इंग्रजी तू कर आणि तिला वाचून दाखव. अडशील तिथे हातवारे कर.

काल चंपाषष्ठी झाली. भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला आणि संध्याकाळी मळ्यात भरीत केलं. वांगी बामणोदची, हिरवीपांढरी, एकेक वांगं तान्ह्या पोराएवढं. पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजली. गॅसवर भाजलेल्या वांग्याला मी भरीत म्हणत नाही, हे तुला माहीत आहेच, वाद नको. आजीने हिरवी मिरची, लसूण घालून बडगीत ठेचलं, वरून कांद्याची पात आणि तेलात तळलेले शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी. वीस-बावीस माणसं होती. तुझ्या वाटचं पान आजीने वाढलं आणि मग गड्याच्या पोरीला दिलं. ती दोनदा मागून जेवली. आजीला फार बरं वाटलं. मला विचारशील तर थोडं वाईटही वाटलं, पण ते मी कोणाला सांगितलं नाही.

तुझी मैत्रीण व्हिएतनामची म्हणालीस ना, मग तिला केळी नवी नाही. तिच्याकडे केळफुलाची भाजी-कोशिंबीर करतात म्हणे. तिला सांग, आम्ही केळफुलाला कमळ म्हणतो, आणि आमच्या मळ्यात अशी शेकडो कमळं कापून बांधावर टाकून देतो. रागावेल बिचारी. आपली केळीची कांदेबाग यंदा बरी आहे. फक्त थंडी लवकर पडली. तुला लहानपणीचं आठवतं का, पारा उतरला की आपण रात्री मोटार चालू करायचो आणि बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचो? केळीला थंडी सोसत नाही. पानं पिवळी पडतात, वाढ थांबते, घड अडकून बसतात. म्हणून रात्री पाणी द्यायचं, ते पाणी मुळाशी ऊब धरतं. परवा रात्री दोनला उठलो तेव्हा एकटाच होतो. घडांना निळ्या पिशव्या चढवलेल्या, त्या चांदण्याशिवायही दिसतात. त्यांच्याकडे बघत बसलो आणि मनात आलं, इथे केळीसाठी आपण धूर करतो, तिकडे जर्मनीत ड्रेस्डेनमध्ये माझ्या पोरीभोवती धूर कोण करत असेल?

आता मूळ गोष्टीवर येतो. मागच्या महिन्यात तुमच्याकडे घड्याळ एक तास मागे केलं आणि साडेतीन तासांचा फरक साडेचार झाला. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रविवारी नेहमीच्या वेळेला फोन घेऊन बसलो, आला नाही. तासभर तुझ्या बापाचं डोकं खाल्लं, दोनदा आजीवर ओरडलो. मग तुझा फोन आला आणि तू हसत म्हणालीस, ‘मी मस्त आहे आबा, एकदम मस्त.’ सायली, मी तुझा आवाज बालवाडीपासून ऐकतो आहे. तू मस्त असलीस की इतक्या वेळा मस्त म्हणत नाहीस. तू मस्त असलीस की मला बोलूच देत नाहीस.

तू फोनवर आम्हाला भाषांतर ऐकवतेस, पोरी. मूळ तुझ्याजवळच ठेवतेस. आम्हाला काळजी लागू नये म्हणून करतेस, हे कळतं. पण मी एकट्याने ओझं वाहिलेलं आहे. शेतात दोनदा कर्ज डोक्यावर बसलं, तेव्हा घरी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर निम्मं ओझं उतरलं असतं. आजीला ते आधीच कळलेलं होतं, एवढंच तिने पंधरा वर्षांनी मला सांगितलं! तेव्हा वाईट वाटलं की वाईट वाटलं असं लिही. परीक्षेत कमी पडलीस तर कमी पडलीस असं लिही. दुपारी चारला अंधार होतो आणि जेवायला एकटं बसवत नाही, हेही चालेल. मी उपाय सांगणार नाही. मला येतही नाहीत.

पैशाची तू चिंता करू नकोस. तुझा बाप आणि मी ते बघतो.

तू पाण्याचा अभ्यास करायला गेलीस ते मी गावात सगळ्यांना सांगतो. चावडीवर एकाने विचारलं, ‘आबा, पाण्यात काय शिकायचं?’ मी म्हटलं, ‘माझ्या लहानपणी विहिरीत वाकून बादली भरायचो, आता बोअर सातशे फुटांवर जाऊन धूळ उडवतंय. ते का झालं, हे शिकायचं.’ तो गप्प बसला, कारण त्याचंही बोअर गेल्या वर्षी कोरडं गेलं. ठिबक करूनही सातपुड्याच्या पायथ्याला पाणी मुरत नाही तोवर काही खरं नाही. तू तुझ्या प्राध्यापकांना विचार, तापीच्या पुराचं पाणी जमिनीत मुरवायचं तर मातीत गाळ किती बसतो. मला उत्तर हवं आहे, आबा म्हणून नाही, शेतकरी म्हणून.

आणि आज गुरुवार, आजीचा मार्गशीर्षातला पहिला उपवास. घट मांडला आहे, खोलीत उदबत्तीचा वास भरला आहे. ती म्हणते, ‘तिले सांगा, कानटोपी घालत जाय, नाहीतर मी तिथं येऊन घालीन.’ ती येणार नाही, पण टोपी घाल.

तुझ्या पार्सलात ज्वारीच्या बिबड्या, केळीचे वेफर्स, कळण्याचं पीठ आणि काळा मसाला आहे. मसाल्याचा डबा तीन पिशव्यांत गुंडाळला आहे, तरी बॅग वासाने भरेल. मैत्रिणीची आधी माफी माग. बिबड्या तळायच्या, भाजायच्या नाहीत, हे तिला इंग्रजीत कसं सांगायचं ते तूच बघ. मी प्रयत्न करून पाहिला, ‘फ्राय बिबडी, डू नॉट बर्न बिबडी’ असं झालं.

कळावे, पुढच्या रविवारी मी साडेचार तासांचा हिशेब करून बसेन.

तुझा
आबा

ता. क. डिक्शनरी परत ट्रंकेत ठेवलेली नाही. ‘करमणं’ला तुझ्या मैत्रिणीच्या भाषेत शब्द असेल तर विचारून कळव.