रकान्यात न बसणारे श्रम

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये कामासाठी भावना सांभाळण्याच्या, अर्थात भावनिक श्रमाच्या, दोन रीती सांगितल्या: वरवरचा अभिनय, म्हणजे चेहरा-आवाज सांभाळणे, आणि खोल अभिनय, म्हणजे आतली भावनाच वळवणे. यवतमाळच्या खेड्यातून नागपूरच्या कॉल सेंटरात गेलेली मुलगी वऱ्हाडी हेल दाबून शिव्या ऐकते. कॉलचे सेकंद मोजले जातात, स्वरालाही गुण असतात. कामाची पाळी संपली की हेडफोन तरी उतरतो.

मेळघाटातल्या आशाताईचे तसे नाही. बाळ दगावलेल्या घरासमोरूनच तिला रोज पाणी आणायचे असते. कागदोपत्री ती ‘स्वयंसेविका’, म्हणून तिची माया स्वभावात जमा होते, कौशल्यात नाही, हे अन्यायाचेच. दवाखान्यात बाळंतिणीला नेल्याचा मोबदला मिळतो. घाबरलेल्या सासूला रात्रभर समजावल्याचा रकाना फॉर्मात नसतो.