धाब्यावरची रेंज

घरात रेंज नाही. धाब्यावर टाकीच्या सावलीत दोन काड्या येतात, आणि टाकीला पाठ टेकून बसलं तर तिसरीही. म्हणून वैशाली सोमवारी सकाळी सातलाच निसणी लावून वर चढली आणि बोटाने स्क्रीन खाली ओढली. गोल फिरलं, थांबलं. काही नाही.

ऑफिस साडेदहाच्या आत उघडणार नाही हे तिलाही कळत होतं. तरी ओढली. एखादा क्लार्क लवकर येत असेल. (असा क्लार्क तिने अजून पाहिलेला नव्हता, पण पुणं मोठं शहर.)

भानगड एका दाखल्याची होती. तिचं नॉन-क्रिमीलेयर ३१ मार्चला संपलं. एम.एस्सी.चा फॉर्म भरताना नवं हातात नव्हतं, म्हणून सेतूची पावती जोडली. शुक्रवारी पोर्टलवर तिच्या अर्जापुढे Query Raised असं लाल अक्षरात आलं. कसली क्वेरी, ते कुठेच नाही. मुदत मात्र लिहिलेली : मंगळवार, संध्याकाळी पाच. शनिवारी नवा दाखलाही मिळाला. आता तो पाठवायचा कुठे, एवढंच तिने मेलवर विचारलं होतं. ते सहा ओळींचं पत्र तिने चार वेळा खोडून लिहिलं होतं.

अकरा वाजता मेल आला. छाती धडधडली. बँकेचा होता, कर्ज घ्या म्हणून.

बारापर्यंत धाब्याची माती तापली. खालून मायची हाक आली, "सकायपाइन तो मोबाइलच चोयी राहिनी! उनं का काही?"

"नही वं माय."

"मंग पहिले दोन घास खाई ले."

कळण्याची भाकरी आणि ठेचा. डाव्या हातात मोबाइल, उजव्यात घास. खाली रेंज नाही हे माहीत असूनही तिने दोनदा ओढून पाहिलं. ओट्यावर वाती वळत बसलेली आजी बराच वेळ हे बघत होती.

"पोस्टमन तरी दारमा येस. तुना हाऊ मेल कथाइन येस वं?"

वैशालीला हसू आलं नाही. ती परत वर गेली.

दुपारभर ती स्पॅम उघडत होती, बंद करत होती. ऑफिसचा फोन लावला तर एंगेज, मग नुसतीच रिंग. जेवायची सुट्टी असेल, साहेब मीटिंगमध्ये असतील, मेल मोठ्या साहेबांकडे गेला असेल, अशी कारणं तीच त्यांच्या वतीने शोधत होती. तीन वाजता बॅटरी १९ टक्के झाली आणि लाइट गेली. मग दहा दहा मिनिटांनी ओढायचं ठरवलं. पहिली दहा मिनिटं चारच मिनिटांत संपली.

साडेपाचला ऑफिस सुटलं असेल असं धरून ती खाली उतरली. ऑफिसचा दुसरा एखादा नंबर मिळतोय का म्हणून फॉर्मची प्रिंट बाहेर काढली. वरून खाली वाचत गेली. नाव बरोबर. जन्मतारीख बरोबर. मोबाइल आबांचा. ईमेल...

ईमेल तिचा नव्हताच.

भावाच्या मोटरसायकलवर अमळनेर गाठेपर्यंत साडेसात झाले. नेटकॅफेवाला शटर अर्धं ओढून हिशेब करत होता.

"ताई, मेल आम्ही दुकानाचाच टाकतो. पोरांना पासवर्ड आठवत नाही, मग इथंच येऊन भांडतात."

"पण आलेला मेल बघता का तुम्ही?"

त्याने उत्तर न देता कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. इनबॉक्स उघडा होता. न वाचलेले : २८१२.

तिने आपलं नाव टाइप केलं. शुक्रवार, दुपारी ४ वाजून १२ मिनिटं. पावती चालणार नाही, वैध दाखला खालच्या लिंकवर अपलोड करा. दाखला पिशवीत होता. स्कॅन, अपलोड, सबमिट. सहा मिनिटं लागली. कॅफेवाल्याने वीस रुपये घेतले.

भाऊ बाहेरून हॉर्न वाजवत होता. वैशाली उठली, आणि तशीच उभ्या उभ्या तिने माऊसचं चाक फिरवलं. नर्सिंगचा एक फॉर्म, पातोंड्याची मुलगी, फोटो अस्पष्ट. पॉलिटेक्निक, सही राहिली, मुदत उद्या. त्याखाली अजून एक, मुदत उद्या. सगळ्या ओळी ठळक, कोणीच न उघडलेल्या.

"ह्या पोरांचे नंबर आहेत तुमच्याकडे?"

त्याने गल्ल्याखालून एक लांबट वही काढली. पानांवर चहाचे डाग होते, नंबर पेन्सिलीने लिहिलेले.

"आता? आठ वाजत आले ताई."

मोबाइल ४ टक्क्यांवर होता. तिने त्याचा चार्जर ओढून लावला आणि पातोंड्याचा नंबर फिरवला. रिंग जात राहिली. कोणी उचलला नाही. तिने वहीत खूण केली आणि खालचा नंबर लावला.