दसरा ते पाडवा: विक्री स्पर्धा, तिन्ही शाखांसाठी

२० सप्टेंबर, शनिवार

मंडळी, उद्या सर्वपित्री झाली की पितृपक्ष संपला. सोमवारी घटस्थापना आणि त्याच दिवशी ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर. थांबलेलं गिऱ्हाईक एकदमच येणार. म्हणून २२ सप्टेंबर ते २२ ऑक्टोबर, म्हणजे पाडव्यापर्यंत, स्पर्धा.

गुण डिलिव्हरीला मिळतील, बुकिंगला नाही. नव्या गाडीला १०, जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये घेतली तर वर ३. जीएसटीसाठी आधीच थांबवून ठेवलेल्या बुकिंगला ५. ती विक्री तुमचीच, पण या महिन्याची मेहनत नव्हे. नंबर प्लेट लागल्याशिवाय गाडी शोरूमबाहेर जाणार नाही, मुहूर्त टळला तरी. दुसऱ्या शाखेची एन्क्वायरी पळवली किंवा स्वतःच्या इन्सेंटिव्हमधून गिऱ्हाइकाला डिस्काउंट दिला, तर नाव यादीतून बाद. वाद झाला तर निर्णय माझा.

शाखांचा क्रम माणशी सरासरीवर लागेल. राजारामपुरीत नऊ जण, गडहिंग्लजला चार. नुसती बेरीज केली तर निकाल आजच सांगता येईल.

वैयक्तिक बक्षिसं २५, १५ आणि १० हजार, दिवाळीनंतरच्या पगारात. पहिल्या शाखेला दोन दिवस तारकर्ली, कुटुंबासह. दर आठवड्याच्या पहिल्या शाखेला तांबडा-पांढऱ्याचं जेवण. नवरात्राचे उपवास असल्याने पहिलं जेवण दसऱ्यानंतरच!

गुणतक्ता दर सोमवारी सकाळी इथेच येईल.

२९ सप्टेंबर, सोमवार

पहिला आठवडा, माणशी गुण:
इचलकरंजी ३७.३ (एकूण २६१)
गडहिंग्लज २९.८ (११९)
राजारामपुरी २८.७ (२५८)

राजारामपुरीने ३१ गाड्या दिल्या, इचलकरंजीने २४. तरी इचलकरंजी पुढे, कारण राजारामपुरीच्या १४ गाड्या जुन्या बुकिंगच्या. शिवाय इचलकरंजीने १२ एक्स्चेंज केले, राजारामपुरीने ६. यंत्रमागवाल्यांच्या घरची जुनी गाडी विचारल्याशिवाय तिथला एकही माणूस कोटेशन देत नाही. बाकीच्यांनी एवढं उचला.

गुरुवारी दसरा. पीडीआय बुधवारी रात्रीपर्यंत पूर्ण हवं. हार, पेढे अकाउंट्सकडून येतील, स्वतः खर्च करू नका.

६ ऑक्टोबर, सोमवार

दोन आठवड्यांची बेरीज, माणशी:
गडहिंग्लज ७४.० (२९६)
इचलकरंजी ७३.० (५११)
राजारामपुरी ७१.० (६३९)

चार माणसांनी पहिला नंबर घेतलाय. राजारामपुरीच्या दोन गाड्या दसऱ्याच्या नोंदीत ‘डिलिव्हर्ड’ होत्या, प्रत्यक्षात शुक्रवारपर्यंत गोडाऊनमध्ये उभ्या. गिऱ्हाइकाचाच फोन आला म्हणून कळलं. त्यांचे २० गुण धरलेले नाहीत. पुन्हा झालं तर शाखेचे ५० जातील.

या आठवड्याचं जेवण गडहिंग्लजला. इचलकरंजीचं पहिल्या आठवड्याचं राहिलंय, तेही आत्ताच उरकू. धनत्रयोदशी १८ तारखेला, शनिवारी आहे. कोणत्या मॉडेलचे कोणते रंग कमी पडतील, त्याची यादी शाखाप्रमुखांनी बुधवारपर्यंत मला पाठवावी.

— सेल्स हेड, कोल्हापूर