डायलिसिस युनिट, ठाणे: दुपारच्या पाळीच्या नर्सिंग नोंदी

बुधवार, १६ जुलै २०२५. पाळी दुपारी १ ते रात्री ८. सात मशीन, सात पेशंट. आरओ पाण्याची क्लोरीन तपासणी टेक्निशियन दादांनी पाळी सुरू होण्याआधी केली, पट्टी निरंक. सही वहीत आहे. पावसामुळे तीन जण उशिरा पोचले, त्यामुळे सुया लागेपर्यंत पावणेदोन वाजले. मशीनच्या क्रमाने लिहीत नाही. ज्याच्याकडे शुक्रवारी आधी बघायचं आहे, त्याची नोंद आधी.

मशीन ४. कळव्याचे रिक्षावाले काका, वय ५४. डाव्या कोपराजवळ ब्रेकिओसेफॅलिक फिस्टुला, तीन वर्षं जुना. सुया लावायच्या आधी काका स्वतःच म्हणाले, "सिस्टर, आधी हात गिरणीसारखा घरघरायचा. आता नाडीसारखा ठोकतोय." हात लावून पाहिला, त्यांचं म्हणणं खरं आहे. जोडाजवळ थ्रिल लागते, पण दंडावर वर सरकत गेलं की थ्रिल हरवते आणि शीर बोटाखाली टणक उडते. स्टेथोने ऐकलं तर कोपराशी आवाज जाड आणि सलग. खांद्यापाशी, कॉलरबोनच्या खाली मात्र बारीक शिट्टीसारखा आणि तुटक, ठोक्यापुरताच. हात डोक्यावर धरायला लावला. एरवी अशाने शीर चपटी पडते, आज फुगलेलीच राहिली. हाताला सूज नाही, बोटं गरम आहेत, मुंग्या नाहीत. छातीवर शिरांचं जाळं दिसत नाही.

मागची पानं उलटून पाहिली. आपल्याकडे पहिल्या ५ मिनिटांत पंप २०० वर ठेवून व्हीनस प्रेशर लिहायची पद्धत आहे, म्हणून हे जमलं. सुई दरवेळी १६ गेजच. बुधवारी ९ तारखेला ९८, शुक्रवारी ११०, सोमवारी १२१, आज १३८. एकेक आकडा वेगळा पाहिला तर कुणीही "ठीक आहे" म्हणून पुढे जाईल, आणि तसंच झालंय. आजच्या आधीच्या तिन्ही दिवशी पानावर "प्रेशर नॉर्मल" असंच लिहिलं आहे. सोमवारची सही माझीच आहे. त्यात आणखी दोन गोष्टी धरा. यूआरआर मे महिन्यात ७२ टक्के होता, जूनमध्ये ६५ वर आला. शिवाय सोमवारी व्हीनस सुईच्या जागेचं रक्त थांबायला २५ मिनिटं लागली, जे एरवी ८-१० मिनिटांत थांबतं. हेपरिनचा डोस बदललेला नाही. पुढे रस्ता अरुंद झाल्याचीच ही चिन्हं आहेत.

आज आर्टेरियल सुई जोडापासून ४ सेमी वर लावली. व्हीनस सुई तिच्यापासून ६ सेमीवर, नव्या जागी. जुन्या जागेवर मुद्दाम टोचलं नाही. तिथली कातडी पातळ आणि चकाकती झाली आहे, सुयांच्या खुणा एकाच रुपयाएवढ्या जागेत आहेत. काका "तिथेच टोचा, दुखत नाही" म्हणतात आणि आपण ऐकतो. दुखत नाही कारण ती जागा मेली आहे, आणि तिथेच फुगा येतो. यापुढे शिडीसारखं, दर वेळी जागा सरकवत जायचं. आजच्या जागा पानावरच्या हाताच्या चित्रात खुणेने दाखवल्या आहेत.

पंप २८० पर्यंत नेला. त्यापुढे व्हीनस प्रेशर १९० ओलांडू लागलं म्हणून वाढवला नाही. आर्टेरियल उणे १४० ते १६०. हेपरिन २००० युनिट सुरुवातीला, नंतर तासाला १०००, शेवटचा तास बंद. बीपी सुरुवातीला १५२/८६, शेवटी १४०/८२. वेळ साडेतीन तास ठरलेली होती, डॉक्टरांना विचारून चार केली. काकांनी घड्याळ दाखवलं, संध्याकाळचं भाडं बुडतं. समजावल्यावर थांबले.

सुई पूर्ण बाहेर आल्यावरच दाब दिला, दोन बोटांनी, वरखाली थ्रिल लागत राहील इतकाच. आर्टेरियल जागा ९ मिनिटांत बंद, व्हीनस २८ मिनिटांत. पट्टा बांधला नाही. काकांना घाई असली की ते स्वतःचा इलॅस्टिक पट्टा खिशातून काढून करकचून बांधतात, आज मी तो काढून घेतला आहे, कपाटात आहे. निघताना थ्रिल जोडाजवळ होती.

डॉक्टरांना पाचला फोन केला, सगळे आकडे सांगितले. शुक्रवारी सकाळी डायलिसिसच्या आधी डॉपलर, चिठ्ठी फाईलला लावली आहे. पुढे लागला तर फिस्टुलोग्राम आणि फुग्याने रुंदी वाढवणं. काकांना सांगितलंय की रोज सकाळ-संध्याकाळ हात लावून बघा. घरघर पूर्ण थांबली तर शुक्रवारची वाट न बघता लगेच इथे या. त्या हाताने स्टार्टर ओढायचा नाही आणि त्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही.

मशीन ७. दिव्याची ताई, वय २६, वजन ४८ किलो. उजव्या मानेत टनेल कॅथेटर, तीन महिन्यांचं. डाव्या मनगटाला फिस्टुला केल्याला तीन आठवडे झाले. थ्रिल छान, पण अजून टोचायचा नाही. आली तेव्हा ताप ९८.४, बीपी ११८/७४. ड्रेसिंग उघडलं तर गॉज दमट, कडेने घरची पांढरी टेप. विचारल्यावर सांगितलं, काल केस धुतले, पाणी गेलं, मग नवऱ्याने टेप लावली. बाहेरची जागा लाल नाही, पू नाही, दाबल्यावर दुखत नाही. मास्क दोघींनीही घातला. हबला क्लोरहेक्सिडिनने १५ सेकंद घासून, वाळू देऊन मगच जोडणी. दोन्ही नळ्यांतून ५-५ मिली काढून टाकलं, गाठी नाहीत, दोन्ही बाजू मोकळ्या. पंप २५०.

२.३५ ला, म्हणजे लावल्यापासून ४० मिनिटांनी, दातावर दात आपटायला लागले. ताप १०१.६, नाडी ११८, बीपी ९६/६०. यूएफ शून्यावर आणलं, डॉक्टरांना बोलावलं. त्याच वेळी बाकी सहा पेशंटचा ताप मोजला, सगळे नॉर्मल. पाण्यात दोष असता तर एकीलाच थंडी वाजली नसती, म्हणून सगळी मशीन थांबवली नाहीत. कल्चरचे दोन संच अँटिबायोटिकच्या आधी घेतले. एक कॅथेटरच्या लाइनमधून, दुसरा उजव्या हाताच्या पाठीवरून. डाव्या हाताला हात लावला नाही आणि कोपराची शीरही टाळली. या मुलीला अजून कितीतरी वर्षं शिरा लागणार आहेत. डॉक्टरांच्या सांगण्यावरून व्हॅन्कोमायसिन १ ग्रॅम शेवटच्या तासात हळू सोडलं, सेफ्टाझिडिम १ ग्रॅम मशीन सुटल्यावर. ताप ५ वाजता १००, बीपी ११०/७०. पाण्याचं फक्त १.२ लिटर काढता आलं. शेवटी दोन्ही नळ्या सलाइनने धुतल्या, हेपरिन १००० युनिट प्रति मिली, नळीवर छापलेल्या मापाइतकंच भरलं: लाल १.६, निळी १.७ मिली. वॉर्डात दाखल. कॅथेटर काढायचं की ठेवायचं ते कल्चरवर. रात्रीच्या वॉर्ड सिस्टरना प्रत्यक्ष सांगितलं की कॅथेटरमधून रक्त काढायचं नाही, सलाइन लावायचं नाही, आणि डाव्या हातावर बीपी नाही. बेडच्या डोक्याशी लाल शाईने लिहून चिकटवलंय, कारण तोंडी सांगितलेलं पहाटेपर्यंत टिकत नाही.

मशीन २. वाघबीळच्या आजी, ६८, मधुमेह. कोरडं वजन ५४, आज ५७.४. सोमवारपासून ३.४ किलो. आषाढ आहे, घरात सुकट-बोंबील, आजींनी नाही म्हटलं नाही. एका वेळी सगळं काढायचं नाही असं ठरवून ४ तासांत २.५ लिटर लावलं. ताशी किलोमागे १३ मिलीच्या आत बसतं. तरी ४.२० ला जांभया, कपाळाला घाम, पोटरीत वांब. बीपी १४८/८० वरून ९२/५४. यूएफ किमान, पाय वर, १०० मिली सलाइन, शुगर ११८. डायलिसेटचं तापमान ३५.५ केलं. पाच मिनिटांत ११०/६६. बीपी पडलं की फिस्टुला बंद पडू शकतो, म्हणून तेव्हाही आणि सुटल्यावरही हात लावून पाहिलं, थ्रिल आहे. सुनेने सांगितलं, बीपीची गोळी सकाळी दिली होती आणि दोनला वडापाव खाऊ घातला. डायलिसिसच्या दिवशी गोळी कधी द्यायची ते डॉक्टर शुक्रवारी लिहून देतील. एकूण २.३ लिटर निघालं, निघताना वजन ५५.२. बसून १२४/७०, उभं राहून १०८/६४, चक्कर नाही. वीस मिनिटं बसवून मगच सोडलं.

मशीन ५. ऐरोलीचे दादा, ४१. डायलिसिसमध्ये काही झालं नाही, पण होता होता राहिलं ते लिहिते. एसीने थंडी वाजते म्हणून हात चादरीखाली घेऊन झोपले होते. ३.३० च्या फेरीत चादर उचलली तर व्हीनस सुईची टेप घामाने सुटून सुई अर्धी बाहेर. रक्त सांडलेलं नव्हतं. मशीनने अलार्म दिला नाही, कारण व्हीनस प्रेशरची खालची मर्यादा कुणीतरी २० वर ठेवली होती. चालू प्रेशर १३० होतं. सुई निसटली असती तर ३०० च्या पंपाने मिनिटाला ३०० मिली रक्त गादीत गेलं असतं. पंप थांबवून सुई काढली, दाब दिला, नवीन लावली. मर्यादा चालू प्रेशरच्या जवळ आणली. चादर पायावर द्या, फिस्टुलाचा हात उघडा. पेशंट रागावला तरी चालेल.

मशीन ३. काल दाढ काढली, म्हणून हेपरिनशिवाय. दर अर्ध्या तासाने १०० मिली सलाइन, ते यूएफमध्ये धरलं. डायलायझरमध्ये शेवटी चार-पाच काळे धागे, रक्त पूर्ण परत गेलं. तोंडातून रक्त नाही.

मशीन १ आणि ६ सुरळीत. ६ चे पेशंट एचसीव्हीचे, त्यांचं मशीन वेगळंच आहे, बदलायचं नाही. १ च्या मावशींच्या फिस्टुलाच्या हातावर कालच्या लॅबवाल्याने रक्त काढल्याची निळी खूण आहे. मावशींना "या हाताला हात लावू देऊ नका" हे पुन्हा सांगितलं.

शुक्रवारच्या पाळीसाठी: मशीन ४ च्या काकांना डॉपलरचा कागद मिळाल्याशिवाय सुया लावू नका. स्टेथो मशीन ४ च्या सलाइन स्टँडला अडकवून ठेवला आहे, तिथून हलवू नका.