सकाळी पावणेसातला ॲप बसलं तर

या, बसा सगळे. लॅपटॉप बंद ठेवलेत तरी चालेल, वही मात्र उघडा. पहिल्या आठवड्यात तुम्हाला कोड दाखवला, डेटाबेस दाखवला. आज वीस मिनिटं फक्त एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे: आपलं ॲप लाइव्ह असताना बंद पडलं तर काय करायचं.

आधी पलीकडे कोण आहे ते डोळ्यांसमोर आणा. आपलं ॲप दूध संकलन केंद्रांवर चालतं. सकाळी सहा ते आठ केंद्राच्या दारात किटल्या घेऊन रांग लागलेली असते. केंद्रचालक दूध मोजतो, फॅट आणि एसएनएफ काढतो, ॲपमध्ये नोंद करतो, शेतकऱ्याला एसएमएस जातो. दर दहा दिवसांनी याच नोंदींवरून दुधाचा पगार निघतो. ॲप अर्धा तास बंद पडलं तरी दूध थांबत नाही. रांगेतल्या माणसाला म्हशी सोडायच्या असतात, पोराला शाळेत पोचवायचं असतं.

माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष होतं, वेगळ्या कंपनीत, पण काम असंच. सकाळी पावणेसातला फोन आला, "ॲप फिरतंय नुसतं, नोंद होत नाही." मी घरूनच लॉगिन केलं. लॉगमध्ये ओळीमागून ओळ एकच, डेटाबेसची सगळी कनेक्शनं भरली असं सांगणारी:

```
FATAL: sorry, too many clients already
```

आता मी काय केलं ते ऐका, कारण तुम्हालाही पहिल्यांदा तेच करावंसं वाटेल. मी सर्व्हर रिस्टार्ट केला. ॲप सुरू झालं. मला हायसं वाटलं. चार मिनिटांनी पुन्हा बसलं. पुन्हा रिस्टार्ट. त्याच वेळी माझ्या एका सहकाऱ्याने त्याच्या बाजूने डेटाबेसची कनेक्शनची मर्यादा, `max_connections`, शंभरवरून तीनशेवर नेली, मला न सांगता. मीही त्याला माझं काही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या रिस्टार्टनंतर ॲप दहा मिनिटं टिकलं. ते माझ्यामुळे की त्याच्यामुळे, हे दोघांनाही सांगता येत नव्हतं. आणि प्रत्येक रिस्टार्टबरोबर ती अडकलेली कनेक्शनं, म्हणजे आमचा एकमेव पुरावा, पुसली जात होती.

साडेसातला आमच्या सीनियर मॅडम कॉलवर आल्या. त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं, "दोघंही की-बोर्डवरून हात काढा." मग तीन प्रश्न विचारले. नक्की काय बंद आहे आणि काय चालू आहे? किती वाजल्यापासून? शेवटचा बदल काय गेला आणि कधी?

पहिल्याचं उत्तर शोधलं तेव्हा कळलं की जुनी बिलं नीट उघडत होती, फक्त नवीन नोंद अडकत होती. हे आम्ही पाऊण तास पाहिलंच नव्हतं! तिसऱ्या प्रश्नावर मी म्हटलं, "बदल काल संध्याकाळी सातला गेला, पण रात्रभर तर सगळं ठीक होतं." त्या म्हणाल्या, "रात्री दूध घालतं कोण?"

म्हणून वेळेचा विचार करताना एवढं लक्षात ठेवा: बदल गेला ती वेळ आणि त्याच्यावर लोड आला ती वेळ वेगळी असू शकते. मग त्यांनी, रिस्टार्ट न करता, हे चालवायला लावलं:

```sql
SELECT state, count(*)
FROM pg_stat_activity
GROUP BY state;
```

बहुतेक कनेक्शनं `idle in transaction` अवस्थेत होती. म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडून कोड दुसऱ्याच कशाची तरी वाट पाहत बसला होता. आदल्या दिवशीच्या बदलात एसएमएस पाठवण्याचा कॉल ट्रान्झॅक्शनच्या आत गेला होता. सकाळी एसएमएसवाल्यांची सेवा मंदावली, प्रत्येक नोंद कनेक्शन धरून बसली, आणि केंद्रचालक "नोंद होत नाही" म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिले. मर्यादा तीनशे केल्याने फक्त अडकणाऱ्यांची संख्या वाढली.

पण गंमत बघा, हे सगळं कारण आम्हाला नंतर, दुपारी नीट समजलं. सकाळी मॅडमनी एवढंच ठरवलं: नवीन नोंद अडकतेय, कालचा बदल नोंदीतच आहे, तर तो मागे घ्या. सात एकेचाळीसला रोलबॅक, सात सत्तेचाळीसला नोंदी सुरू. कारण शोधणं आणि सेवा सुरू करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि रांग उभी असताना दुसरं आधी. मागे घेण्याआधी लॉग आणि त्या क्वेरीचं उत्तर तेवढं जपून ठेवायचं, त्याला दहा सेकंद लागतात. एक अपवाद: बदलात डेटाबेसचं टेबलच बदललं असेल तर रोलबॅक डोळे मिटून करू नका, विचारा.

आता तुमच्यापुरतं. पहिले तीन महिने तुम्हाला लाइव्ह डेटाबेसवर फक्त वाचण्याचा अधिकार आहे. हा अविश्वास नाही. अडचणीच्या वेळी तुमच्याकडे एक फार मोठं काम असणार आहे, नोंद ठेवण्याचं. किती वाजता काय दिसलं, कोणी काय केलं, त्यानंतर काय झालं. "६.५२, नोंद बंद, बिलं चालू. ६.५८, लॉगची प्रत घेतली." इतकं साधं. एका वेळी एकच बदल, आणि तो करण्याआधी कॉलवर मोठ्याने बोलायचा. कोणी न बोलता काही चालवताना दिसलं, अगदी मी असले तरी, तुम्ही थांबवायचं. "मॅडम, हे कुठल्या सर्व्हरवर?" एवढं विचारलंत तरी पुरे.

हा प्रश्न मी उगाच सांगत नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका इंजिनिअरने दुय्यम डेटाबेसची फोल्डर पुसायची म्हणून मुख्य डेटाबेसचीच पुसली. चूक लक्षात येऊन त्याने थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. नेहमीचे बॅकअप कामाचे निघाले नाहीत. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत होती, तिने वाचवलं. त्या कंपनीने सगळं जाहीरपणे मांडलं आणि बोट दाखवलं ते व्यवस्थेकडे, माणसाकडे नाही. आपल्याकडेही नंतरच्या बैठकीत "कोणी केलं" हा प्रश्न येणार नाही. तुमच्या हातून काही झालं तर त्याच मिनिटाला सांगा. लपवलेली पाच मिनिटं आम्हाला चुकीच्या दिशेने पळवतात.

आणि केंद्रांना कळवणं विसरू नका. कारण माहीत नसलं तरी कळवायचं: "नवीन नोंद होत नाहीये. कृपया रजिस्टरमध्ये लिहून ठेवा, बटण पुन्हा दाबू नका. सव्वासातला पुढचा निरोप देतो." आणि सव्वासातला निरोप द्यायचाच, प्रगती नसली तरी. त्या दिवशी आम्ही हे केलं नव्हतं, म्हणून काही शेतकऱ्यांचं एकच दूध दोनदा नोंदलं गेलं आणि रजिस्टरशी ताळा घालत आम्ही पुढचे दोन दिवस बसलो.

छातीत धडधड होणारच. मला अजूनही होते. तेव्हा मी घोटभर पाणी पिते आणि वहीत वेळ लिहिते, तेवढ्यात हात स्थिर होतो.

उद्या अकरा वाजता टेस्ट सर्व्हरवर मी मुद्दाम एक गोष्ट बिघडवून ठेवणार आहे. तिघातिघांचे गट करा: एकाने शोधायचं, एकाने लिहायचं, एकाने केंद्रांना निरोप द्यायचा. वह्या आणा.