थकीत रकमेबाबत स्मरणपत्र: बिल क्रमांक 118, बाकी 2,81,000 रुपये

दिनांक: 6 ऑक्टोबर 2025

प्रति,
श्री. कुलकर्णी,
संचालक

विषय: गोदामातील रॅक्सच्या कामाची थकीत रक्कम 15 ऑक्टोबरपर्यंत मिळण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या नव्या गोदामासाठी आम्ही तयार करून बसवलेल्या लोखंडी रॅक्सच्या बिलापोटी आपल्याकडून 2,81,000 रुपये आजही येणे आहेत. ठरलेली मुदत उलटून पावणेतीन महिने होत आले. फोन आणि मेल बरेच झाले. आता थेट आपल्याला लिहीत आहे, कारण आपल्या अकाउंट्स विभागाकडून दर वेळी उत्तर मिळते, पण त्यात पैसे देण्याची तारीख नसते. माझी मागणी एवढीच आहे की ही संपूर्ण रक्कम बुधवार, 15 ऑक्टोबर 2025 रोजी संध्याकाळपर्यंत आमच्या खात्यात जमा व्हावी.

हिशेब पुन्हा मांडते, म्हणजे आकड्यांवरून चर्चा लांबायला नको. कामाची किंमत 4,50,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 81,000 रुपये, असे एकूण बिल 5,31,000 रुपयांचे. ऑर्डर देताना आपण 2,00,000 रुपये अ‍ॅडव्हान्स दिला होता. ऑगस्टमध्ये आणखी 50,000 रुपये आले, त्याची पावती त्याच दिवशी पाठवली आहे. उरले 2,81,000 रुपये. याखेरीज कोणतीही वजावट ठरलेली नव्हती. आपल्या नोंदींत वेगळा आकडा दिसत असेल, तर खातेउतारा पाठवावा. मी स्वतः बसून तो जुळवून देईन. मात्र हिशेब जुळवायचा आहे या कारणासाठी वादात नसलेली रक्कम अडकून राहू नये.

आपल्या परचेस ऑर्डरमध्ये उरलेली रक्कम काम पूर्ण झाल्यापासून 30 दिवसांत देण्याची अट आहे. रॅक्स 3 जूनला बसवून झाले आणि त्याच दिवशी बिल दिले. चार शेल्फांचा रंग खरवडला असल्याचे आपण 9 जूनच्या मेलमध्ये कळवलेत. ती शेल्फे आम्ही 16 जूनला बदलून दिली आणि आपल्या गोदाम व्यवस्थापकांनी चलनावर ‘काम समाधानकारक’ असे लिहून सही केली. म्हणून मुदत 3 जूनपासून न धरता मी 16 जूनपासूनच धरली आहे. तसे धरले तरी ती 16 जुलैला संपली. त्यानंतर आजतागायत कामाबद्दल आपली एकही लेखी तक्रार नाही आणि गोदाम रोज वापरात आहे.

गेल्या महिन्यात फोनवर सांगण्यात आले की आपल्याच एका मोठ्या ग्राहकाकडून पैसे यायचे आहेत, ते आले की आमचे देता येतील. आपली अडचण मी समजू शकते. पण आपल्या ग्राहकाशी आमचा करार नाही आणि त्याने पैसे दिल्यावर आमचे मिळतील अशी अट ऑर्डरमध्ये कुठेही नाही. पत्र्याचे आणि अँगलचे पैसे मी माल उचलतानाच मोजले. कारागिरांचे पगार वेळेवर झाले. या बिलावरचा 81,000 रुपयांचा जीएसटीदेखील आम्ही जून महिन्याच्या विवरणपत्रासोबत भरून मोकळे झालो, म्हणजे जो कर आपल्याकडून पुरता वसूलही झालेला नाही तो सरकारजमा होऊन महिने लोटले. आमच्यासारख्या छोट्या वर्कशॉपला एवढी रक्कम अडकली की पुढच्या ऑर्डरचा कच्चा माल कर्ज काढून घ्यावा लागतो. आपल्या गोदामासाठी व्याज मी भरावे, हे मला मान्य नाही.

कायद्याची बाजूही स्पष्ट सांगणे योग्य, म्हणजे पुढे कोणालाच आश्चर्य वाटायला नको. आमचा उद्योग ‘उद्यम’ नोंदणी असलेला सूक्ष्म उद्योग आहे आणि नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास अधिनियम, 2006 च्या कलम 15 नुसार लेखी ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे, आणि ही मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मुदत टळली तर कलम 16 प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. आजचा बँक रेट 5.75 टक्के आहे, म्हणजे व्याज वर्षाला 17.25 टक्के. आजच्या बाकीवर ते महिन्याला चार हजार रुपयांच्या वर जाते.

15 ऑक्टोबरपर्यंत पूर्ण 2,81,000 रुपये जमा झाले, तर या व्याजाची मागणी मी करणार नाही. ही सवलत फक्त त्या तारखेपर्यंत आणि फक्त पूर्ण रकमेसाठी आहे. त्यानंतर 17 जुलैपासूनचे व्याज धरून सूक्ष्म आणि लघु उपक्रमांसाठीच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज दाखल करीन. कागदपत्रे तयार आहेत. तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो, तो फसला तर प्रकरण लवादाकडे जाते. निकाल विरोधात गेल्यास तो रद्द करून घेण्यासाठी न्यायालयात जाण्याआधी खरेदीदाराला निकालातील रकमेच्या 75 टक्के जमा करावे लागतात. हे कोणालाही घाबरवण्यासाठी लिहीत नाही. पण मुदत टळल्यावर मी पुन्हा स्मरणपत्र पाठवणार नाही, हे मात्र नक्की धरावे.

एक गोष्ट आपल्या सीएंना जरूर विचारावी. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पुरवठादाराचे पैसे दिले नाहीत, तर न दिलेल्या रकमेच्या प्रमाणात घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. या बिलाची ती मुदत नोव्हेंबरअखेर संपते.

एकरकमी देणे खरोखरच शक्य नसेल, तर 10 ऑक्टोबरपर्यंत मला स्वतः फोन करावा. निम्मी रक्कम 15 तारखेला आणि उरलेली 31 ऑक्टोबरला, एवढी तडजोड मी करू शकते. मात्र ती आपल्या सहीने लेखी हवी आणि दुसऱ्या हप्त्याचा पुढील तारखेचा चेक सोबत हवा. तशा तडजोडीत व्याजाचा हक्क मी सोडणार नाही. केवळ ‘बघतो’, ‘प्रोसेसमध्ये आहे’ अशा उत्तरावर मात्र आता थांबता येणार नाही.

आमचे बँक खाते बदललेले नाही. बिलावर छापलेल्या खात्यातच एनईएफटी किंवा आरटीजीएसने रक्कम भरावी आणि यूटीआर क्रमांक कळवावा. खाते बदलल्याचा मेल किंवा मेसेज आमच्या नावाने आला, तर पैसे पाठवण्याआधी मला फोन करून खात्री करून घ्यावी. असे फसवणुकीचे मेल हल्ली बरेच फिरतात.

ज्या रॅक्सची दोन वर्षांची हमी आम्ही दिली आहे, ती हमी कायम आहे. नटबोल्ट ढिले झाले किंवा शेल्फ वाकले, तर पैशांचा विषय मध्ये न आणता माणूस पाठवू. नव्या कामाबाबत मात्र, आपण विचारणा केलेल्या दुसऱ्या मजल्याच्या रॅक्सचे कोटेशन ही बाकी चुकती झाल्यावरच देता येईल आणि त्या कामाचा अ‍ॅडव्हान्स 70 टक्के असेल.

रक्कम हे पत्र पोहोचण्याआधीच पाठवली असेल, तर फक्त यूटीआर क्रमांक कळवावा.

कळावे,

आपली,
सविता मोरे
प्रोप्रायटर

सोबत: बिल क्रमांक 118, परचेस ऑर्डर आणि 16 जूनचे सही केलेले चलन यांच्या प्रती, तसेच आजअखेरचा खातेउतारा. हेच पत्र मेलने आणि रजिस्टर्ड एडीने पाठवले आहे.